कर भरायचा आहे, त्याचे हप्ते पाडून द्यावेत : वस्तू व सेवा कर कार्यालयास एका छोट्या व्यापाऱ्याचे खुले पत्र

प्रति,
मा. सक्षम अधिकारी,
वस्तू व सेवा कर कार्यालय

विषय : आर्थिक वर्ष २०२०-२१ च्या मागणी आदेशाची रक्कम कलम ८० अन्वये मासिक हप्त्यांत भरू देण्याबाबत.

महोदय,

मी तालुक्याच्या गावी शेतीसाठी लागणारे पीव्हीसी पाईप, फिटिंग आणि पाणबुडी मोटारी विकणारा नोंदणीकृत व्यापारी आहे. २४ फेब्रुवारी २०२५ रोजी माझ्यावर वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ७३ खाली आदेश बजावण्यात आला. त्यात मूळ कर ४,००,००० रुपये, व्याज २,८२,००० रुपये आणि दंड ४०,००० रुपये, अशी एकूण ७,२२,००० रुपयांची मागणी आहे. ही रक्कम हप्त्यांनी भरू द्यावी, असा डीआरसी-२० नमुन्यातील अर्ज मी मार्च महिन्यातच पोर्टलवर दाखल केला आहे. एप्रिल संपत आला तरी त्यावर होकारही नाही आणि नकारही नाही. हा प्रश्न माझ्या एकट्याच्या दुकानाचा नाही, त्या वर्षाच्या मागण्या पदरी पडलेल्या बहुतेक लहान दुकानदारांचा तो असणार, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

मागणी कशातून आली ते आधी सांगतो. त्या वर्षी एका पुरवठादाराकडून मी सुमारे बावीस लाखांचा माल घेतला. बिले रीतसर होती, करासह सगळी रक्कम मी बँकेतून चुकती केली आणि पुरवठादाराने आपल्या विक्रीच्या विवरणपत्रात ती बिले दाखवल्यामुळे पोर्टलवर माझ्या नावासमोर ती दिसतही होती. त्याने पुढचे, म्हणजे प्रत्यक्ष कर भरण्याचे विवरणपत्र मात्र भरलेच नाही आणि कालांतराने त्याची नोंदणी रद्द झाली. पुरवठादाराने कर सरकारजमा केलेला असला तरच खरेदीदाराला इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची आपल्या करातून वजावट, मिळते, ही कलम १६ मधील अट आहे. त्यामुळे एकदा पुरवठादाराला दिलेला कर आता मला दुसऱ्यांदा, व्याज आणि दंडासह, सरकारला द्यायचा आहे. हे न्याय्य आहे असे मला वाटत नाही, पण या पत्रात तो वाद मी घालत नाही.

अपील का केले नाही, असे कोणीही विचारील. अपील करता येते. वादग्रस्त कराच्या दहा टक्के, म्हणजे माझ्या बाबतीत ४०,००० रुपये, आधी भरले की उरलेल्या रकमेची वसुली अपिलाच्या निकालापर्यंत थांबते. परंतु पुरवठादाराने कर भरल्याचा कागद माझ्याजवळ नाही, दुकान बंद करून गेलेल्या माणसाकडून तो मिळण्याची शक्यताही नाही आणि अपील चालू असताना न भरलेल्या करावर दरसाल १८ टक्क्यांनी व्याज चढतच राहते. हरलो तर बोजा आणखी वाढलेला असेल. म्हणून माझ्या सीएंशी बोलून मी मागणी मान्य करून ती फेडण्याचा मार्ग पत्करला. जो व्यापारी वाद न घालता पैसे भरायला तयार आहे, त्याला वाद घालणाऱ्यापेक्षा अधिक धाक वाटावा, अशी स्थिती असू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. (२०१७-१८ ते २०१९-२० या तीन वर्षांच्या मागण्यांना मूळ कर ३१ मार्च २०२५ पर्यंत भरल्यास व्याज आणि दंड माफ करणारी योजना सरकारने आणली होती. माझे वर्ष त्याच्या लगेच पुढचे, त्यामुळे मला त्यातून एक रुपयाही सुटलेला नाही.)

आता कायद्याविषयी. कलम ८० प्रमाणे आयुक्तांना, कारणे लेखी नोंदवून, कोणतीही देय रक्कम भरण्यास मुदत वाढवून देता येते किंवा जास्तीत जास्त चोवीस मासिक हप्ते देता येतात. ज्या कराची कबुली व्यापाऱ्याने स्वतःच्या विवरणपत्रात दिली आहे, त्याला ही सोय लागू नाही आणि तसे असणे योग्यच आहे, कारण तो पैसा व्यापाऱ्याने ग्राहकाकडून आधीच घेतलेला असतो. माझी मागणी तशी नाही, ती आपल्या कार्यालयाच्या आदेशाने ठरलेली आहे. रक्कम पंचवीस हजारांहून कमी असेल, मागच्या आर्थिक वर्षात हप्त्यांची परवानगी नाकारली गेलेली असेल किंवा अर्जदाराने आधीची एखादी रक्कम थकवून तिची वसुली सुरू झालेली असेल, तर नियम १५८ नुसार ही सोय मिळत नाही. आज या तिन्हींपैकी एकही अडचण मला लागू होत नाही.

‘आज’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरला आहे आणि माझी मुख्य तक्रार त्यातच आहे. कलम ७८ प्रमाणे आदेश बजावल्यापासून तीन महिन्यांत रक्कम भरली नाही, तर वसुलीची कारवाई सुरू करता येते. माझे तीन महिने २४ मे २०२५ रोजी संपतात. हप्त्यांच्या अर्जावर किती दिवसांत निर्णय द्यावा, याची मुदत मात्र नियम १५८ मध्ये कोठेही घातलेली नाही. अर्ज टेबलावर पडून राहिला आणि २४ मे उलटून गेला, तर खात्याच्या दृष्टीने मी थकबाकीदार ठरतो, वसुली सुरू होऊ शकते आणि वसुली सुरू झालेल्या थकबाकीदाराला हप्ते मिळत नाहीत, असे तोच नियम सांगतो. म्हणजे ज्या अर्जावर निर्णय झाला नाही म्हणून मी थकबाकीदार झालो, तोच अर्ज मी थकबाकीदार आहे या कारणाने फेटाळता येईल. नियमातील ती अट हट्टाने कर बुडवणाऱ्यांसाठी आहे, मुदतीच्या आत अर्ज करून वाट पाहत बसलेल्यांसाठी नाही, असे मी समजतो. परंतु नियमाच्या शब्दांत हा फरक केलेला नाही. तो अधिकाऱ्यांनीच करावा लागेल आणि तो वेळेत करावा लागेल.

वसुली सुरू झाल्यावर काय होते, हे बाजारात पाहिलेले आहे. बहुतेक वेळा पहिली नोटीस बँकेला जाते. माझ्या दुकानाचे मुख्य खाते कॅश क्रेडिटचे आहे, म्हणजे त्यात माझी शिल्लक नसते, माल तारण ठेवून बँकेने दिलेल्या कर्जाची मर्यादा असते. नोटीस आल्याबरोबर बँका सावधगिरी म्हणून अशा खात्यातूनही पैसे काढणे थांबवतात. मग पाईप कंपनीच्या वितरकाला दिलेले पुढच्या तारखांचे धनादेश परत जातात आणि धनादेश न वटल्याचा खटला हा नवाच ताप मागे लागतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दर महिन्याच्या २० तारखेला भरायचा चालू कर याच खात्यातून जातो. तो थांबला की विवरणपत्र थांबते, विलंब शुल्क आणि व्याज सुरू होते आणि माझ्याकडून माल घेणाऱ्या नोंदणीकृत ठेकेदाराचे क्रेडिट अडकते. ज्या कारणाने आज मी अडचणीत आहे, अगदी त्याच कारणाने उद्या तो अडचणीत येईल. जुन्या वर्षाचे सात लाख एकदम ओढण्यासाठी चालू वर्षाचा कर बंद पाडणे खात्याच्याही हिताचे नाही.

दुसरी तक्रार चौकशीच्या पद्धतीबद्दल आहे. अर्ज आल्यावर अर्जदाराची आर्थिक कुवत काय आहे, याचा अहवाल संबंधित क्षेत्रीय अधिकाऱ्याकडून मागवला जातो. ते आवश्यकच आहे. पण कुवत म्हणजे नेमके काय पाहिले जाते, हे अर्जदाराला कोणी सांगत नाही. पैसे नाहीत असे दाखवले, तर हा हप्तेही भरू शकणार नाही असा निष्कर्ष निघू शकतो आणि पैसे आहेत असे दाखवले, तर मग एकरकमी का भरत नाही, हा प्रश्न उभा राहतो. दुकानात माल भरलेला दिसतो, म्हणून दुकानदार सधन आहे असेही मानले जाते. तो माल बँकेकडे तारण असतो आणि त्यातला बराचसा पुढच्या हंगामापर्यंत विकला जाणार नसतो, हे फळीवरच्या पाईपांकडे पाहून कळत नाही.

म्हणून माझी कुवत मीच येथे मांडतो. माझी वार्षिक विक्री सुमारे ९० लाख रुपयांची आहे. दुकानाचे भाडे, दोन माणसांचे पगार, वाहतूक आणि बँकेचे व्याज वजा जाता वर्षाला साधारण सहा लाख रुपये हाती राहतात आणि घर त्यावरच चालते. खात्याची मागणी ही माझी सव्वा वर्षाची संपूर्ण कमाई आहे. ती एकदम भरायची तर मला बाहेरून महिन्याला दोन-तीन टक्क्यांनी पैसे उचलावे लागतील किंवा हंगामाच्या तोंडावर माल तोट्यात काढावा लागेल. दोन्हींपैकी काहीही केले, तरी पुढच्या वर्षी मी भरत असलेला कर कमीच होईल. बारा महिन्यांचा बँक उतारा, ताळेबंद, येणे असलेल्या उधारीची यादी आणि बँकेला दर महिन्याला दिलेली मालाची विवरणे मी अर्जासोबत जोडलेली आहेत. आणखी काही हवे असल्यास ते कळवावे, मी ते देईन.

आता हप्त्यांची आखणी. येथे खात्याला एक गोष्ट विशेष सांगायची आहे. कायद्यात हप्ते ‘मासिक’ असावेत असे म्हटले आहे, ते सारखेच असावेत असे म्हटलेले नाही. आयुक्तांना योग्य वाटतील तसे हप्ते ठरवण्याचा अधिकार नियमाने दिलेला आहे. असे असताना एकूण रकमेला चोवीसने भागून आकडा काढला, तर माझ्या धंद्यात तो हप्ता पहिल्याच पावसाळ्यात चुकेल. पाईप आणि मोटारींची विक्री मार्च ते मे या काळात विहिरी आटू लागल्यावर होते आणि नंतर दिवाळीच्या आगेमागे रब्बीसाठी होते. उधारी वसूल होते ती सोयाबीन आणि कापूस बाजारात गेल्यावर. जून ते सप्टेंबर हे चार महिने शेतकऱ्याचा सगळा पैसा बी-बियाणे आणि खतांत गेलेला असतो. त्या काळात तो पाईप घेत नाही आणि मागची उधारीही देऊ शकत नाही.

यासाठी माझा प्रस्ताव असा आहे. परवानगीचा आदेश मिळताच १,२२,००० रुपये मी एकरकमी भरीन, कारण सध्या उन्हाळ्याची विक्री चालू आहे आणि तेवढी रक्कम निघू शकते. उरलेले ६,००,००० रुपये जून २०२५ ते मे २०२७ या चोवीस महिन्यांत भरीन. दोन्ही वर्षांच्या जून ते सप्टेंबर या आठ महिन्यांत दरमहा १३,००० आणि बाकीच्या सोळा महिन्यांत दरमहा ३१,००० रुपये. बेरीज तपासून पाहावी, ती सहा लाखच होते. आदेशानंतरच्या काळाचे नियमाप्रमाणे होणारे व्याज मी याव्यतिरिक्त देईन, ते कमी करा असे मी म्हणत नाही.

त्या व्याजाबद्दल मात्र एक स्पष्टता हवी आहे. कलम ५० मधील व्याज न भरलेल्या करावर लागते, दंडावर किंवा आधीच्या व्याजावर नाही. त्यामुळे प्रत्येक हप्ता आधी कशात जमा होतो, यावर बरेच काही अवलंबून आहे. माझ्या प्रस्तावातील पैसे आधी मूळ करात धरले, तर एकरकमी भरण्यानंतर कराची बाकी २,७८,००० रुपये राहते आणि ती बाराव्या हप्त्यात, म्हणजे मे २०२६ मध्ये संपते. जूनपासून तोपर्यंतचे नवे व्याज सुमारे तीस हजार रुपये होते. तेच पैसे कर, व्याज आणि दंड यांत प्रमाणशीर वाटून धरले, तर कर शेवटच्या हप्त्यापर्यंत रेंगाळतो आणि तोपर्यंतचे नवे व्याज सदुसष्ट हजारांच्या आसपास जाते. मी भरतो ते पैसे तेच, तारखाही त्याच, फरक फक्त नोंदीचा, आणि तो माझ्या एका मोठ्या हप्त्याहून अधिक आहे. पोर्टलवर मागणीपोटी रक्कम भरताना कराचा, व्याजाचा आणि दंडाचा रकाना वेगळा असतो. तेव्हा कोणत्या महिन्यात कोणत्या रकान्यात किती भरायचे, हे आदेशातच लिहून दिल्यास पुढे वाद राहणार नाही.

शेवटची बाब चुकलेल्या हप्त्याची. ठरलेल्या तारखेला एक जरी हप्ता भरला गेला नाही, तर उरलेली सगळी रक्कम तत्काळ देय होते आणि नवी नोटीस न देता वसूल करता येते, असे कलम ८० चे परंतुक सांगते. ते कायद्यातच असल्यामुळे ते शिथिल करा, अशी विनंती मी कार्यालयाकडे करू शकत नाही. पण हप्त्याची तारीख ठरवणे कार्यालयाच्या हातात आहे. ती चालू कराच्या २० तारखेला लागून ठेवली, तर दोन्ही रकमा एकाच आठवड्यात उभ्या कराव्या लागतील आणि त्यातला एक भरणा मागे पडण्याचा धोका राहील. ती महिन्याच्या २८ तारखेला ठेवल्यास चालू करही वेळेवर जाईल आणि हप्ताही. खात्याला यासाठी काहीच सोडावे लागत नाही.

यावरून माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. डीआरसी-२० अर्जावरील निर्णय २४ मे २०२५ पूर्वी द्यावा. ते शक्य नसल्यास, कलम ८० मध्येच मुदत वाढवून देण्याचा अधिकार आहे, तो वापरून अर्जाचा निकाल लागेपर्यंत रक्कम भरण्याची मुदत लेखी आदेशाने वाढवावी.

२. अर्ज प्रलंबित असताना बँकेला किंवा माझ्या देणेकऱ्यांना वसुलीची नोटीस पाठवू नये आणि मुदतीत आलेला अर्ज प्रलंबित राहिल्यामुळे उलटलेली तारीख ही थकबाकी मानून अर्ज फेटाळू नये.

३. एकरकमी १,२२,००० रुपये आणि त्यानंतर वर दिल्याप्रमाणे हंगामानुसार कमी-जास्त चोवीस हप्ते मंजूर करावेत. हप्त्याची तारीख दर महिन्याची २८ ठेवावी. आधी मूळ कर, मग व्याज आणि शेवटी दंड, अशी प्रत्येक हप्त्याची विभागणी आदेशात नमूद करावी.

४. अर्ज नाकारायचाच असेल, तर त्याआधी माझे म्हणणे ऐकून घ्यावे, क्षेत्रीय अधिकाऱ्यांच्या अहवालाची प्रत द्यावी आणि नकाराची कारणे लेखी द्यावीत. एकदा नकार मिळाला की पुढच्या आर्थिक वर्षातही हा मार्ग बंद होतो, त्यामुळे एका ओळीचा नकार मला दोन वर्षे भोवतो.

५. ही शेवटची मागणी माझ्यापुरती नाही. हप्त्यांच्या अर्जासोबत कोणती कागदपत्रे जोडावीत आणि किती दिवसांत निर्णय मिळेल, हे कार्यालयाने मराठीत लिहून दर्शनी फलकावर लावावे. बाजारपेठेतल्या अनेक दुकानदारांना अशी सोय कायद्यात आहे, हेच ठाऊक नसते आणि त्यांना ते कळते तेव्हा तीन महिने उलटून गेलेले असतात.

पहिल्या रकमेचा भरणा करण्यास मी तयार आहे. आदेश पोर्टलवर आला की त्याच आठवड्यात चलन तयार करीन.

कळावे,

आपला,
शेती पाईप व मोटारींचा एक नोंदणीकृत व्यापारी
एप्रिल २०२५